पहाटे साडेपाचला सर्व्हर का कोसळतो?

दूध संकलन केंद्रावर पहाटे साडेपाच ते साडेसात ही सगळ्यात घाईची वेळ. किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असतात, दूध मोजले जाते, मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवते, संगणकात नोंद होते आणि दराची पावती छापून हातात पडते. समजा, सहाच्या सुमारास ही पावती येईनाशी झाली. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. केंद्रचालकाने फोन करून पाहिले, पण एवढ्या सकाळी उचलणार कोण? शेवटी त्याने वही काढली आणि हाताने नोंदी घेतल्या. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे आपोआप सुरळीत झाले. दहा वाजता मुख्य कार्यालय उघडले, संगणक विभागाने पाहिले तर सर्व्हर ठणठणीत. ‘नेटवर्क गेलं असेल,’ असे म्हणून विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

हे उदाहरण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे आणि पुढचे आकडेही हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत. दुखणे मात्र अगदी खरे आहे. पतसंस्था, दवाखाने, शाळा, बाजार समित्या, छोटे कारखाने, जिथे जिथे एकाच सर्व्हरवर डेटाबेस, वेबसाइट आणि रोजची ठरलेली कामे एकत्र नांदतात, तिथे हा प्रकार कधी ना कधी घडतो. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी त्यावर पहिला उपाय सुचवला जातो तो चुकीचा असतो. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून पाहू.

लिनक्स सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारा एक छोटासा प्रोग्रॅम असतो. त्याचे नाव क्रॉन. 1979 सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता, आणि आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर जो चालतो तो 1987 मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या क्रॉनचाच वंशज आहे. त्याचे काम सरळ आहे. दर मिनिटाला जागे व्हायचे, एक यादी वाचायची, आणि या मिनिटाला जे काम लिहिलेले असेल ते सुरू करून द्यायचे. आपल्या दूध संघाच्या सर्व्हरवरची यादी अशी आहे असे धरू:

```
*/5 * * * *   php /opt/dairy/sync.php
0   0 * * *   /opt/dairy/backup.sh
30  0 * * *   /opt/dairy/report.sh
```

पहिले पाच रकाने अनुक्रमे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार यांचे. म्हणजे `sync.php` दर पाच मिनिटांनी चालते आणि केंद्रांवरून आलेल्या नोंदी मुख्य तक्त्यात टाकते. बॅकअप रोज मध्यरात्री बारा वाजता. आदल्या दिवसाचा अहवाल साडेबाराला. वाचायला सगळे शहाणपणाचे दिसते. मध्यरात्री कोणी काम करत नाही, तेव्हा जड कामे उरकून घ्यावीत, हाच विचार यादी लिहिणाऱ्याने केला असणार.

पण बारा म्हणजे कुठले बारा? भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरचे घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले येते. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा सांगली-कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. रात्रीच्या शांत वेळेसाठी लिहिलेले काम नेमके दूध संकलनाच्या तोंडावर येऊन पडते, आणि अहवाल सुरू होतो तो सहाच्या ठोक्याला, ऐन गर्दीत. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या पुढे काही बिघडत असेल, तर माझी पहिली शंका नेहमी या घड्याळावर असते. ती सहसा चुकत नाही.

तरीही केवळ वेळ चुकली म्हणून सर्व्हर कोसळत नाही. त्यासाठी क्रॉनचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. क्रॉन काम सुरू करतो, पण आधीचे काम संपले का, हे विचारत नाही. तास संपला की घंटा देणाऱ्या शाळेतल्या शिपायासारखे त्याचे आहे: आधीच्या तासाचे शिक्षक वर्गातून बाहेर पडले की नाही, हे पाहणे त्याच्याकडे सोपवलेलेच नाही. साडेपाचचे `sync.php` अजून चालू असले तरी पाच-पस्तीसला दुसरे सुरू होणार, पाच-चाळीसला तिसरे. हा क्रॉनमधला दोष नाही. काही कामे एकावर एक चालली तरी बिघडत नाही, उलट तशीच चालवायची असतात. निर्णय काम लिहिणाऱ्याने घ्यायचा, अशी त्याची रचनाच आहे. अडचण एवढीच की हे माहीत नसलेला माणूस मनाशी धरून चालतो की ‘दर पाच मिनिटांनी’ म्हणजे एकामागून एक.

एरवी तसेच होतेही. नोंदी टाकायला मिनिटभर लागतो, काम संपते, प्रोसेस निघून जाते आणि तिने घेतलेली मेमरी मोकळी होते. पुढची फेरी येते तेव्हा मैदान रिकामे असते. वर्षानुवर्षे असेच चालले तर कोणाला शंका येण्याचे कारण नाही.

बॅकअप चालू असतानाची गोष्ट वेगळी. हा बॅकअप `mysqldump` नावाच्या आज्ञेने घेतला जातो. मायएसक्यूएल डेटाबेसचा सगळा मजकूर तो एका फाइलमध्ये उतरवून काढतो. वेगळी सूचना दिली नाही, तर उतरवताना तो त्या डेटाबेसमधल्या सगळ्या तक्त्यांना कुलूप लावतो. इतरांना वाचता येते, लिहिता येत नाही. यामागचा हेतू चांगला आहे: नक्कल काढता काढता मूळ बदलले तर नक्कल अर्धी जुनी आणि अर्धी नवी व्हायची. सर्व्हर नवा होता, तेव्हा हा बॅकअप तीन मिनिटांत आटपायचा. साडेपाचचे `sync.php` तेवढा वेळ दारात थांबायचे, कुलूप निघाले की काम करून जायचे, आणि पाच-पस्तीसच्या आत सगळे मोकळे व्हायचे.

मग केंद्रे वाढली. सकाळ-संध्याकाळ नोंदी साठत गेल्या आणि तीन मिनिटांचा बॅकअप चार मिनिटांवर गेला, साडेचारवर गेला. ज्या दिवशी त्याने पाच मिनिटांची रेघ ओलांडली, त्या पहाटे पहिल्यांदा एकाच वेळी दोन `sync.php` कुलपाबाहेर थांबले. कोणाला काही कळले नाही, कारण सातव्या-आठव्या मिनिटाला सगळे निस्तरले होते. पुढे दोनाचे तीन झाले, तीनाचे चार. खरा बिघाड त्या दिवशीच सुरू झाला होता, तो दिसायला अनेक महिने लागले. म्हणून ‘काल तर सगळं चालत होतं आणि आम्ही काहीच बदललेलं नाही’ हे संगणक विभागाचे म्हणणे अक्षरशः खरे असते. बदलला तो फक्त तक्त्यांचा आकार.

आता आपल्या उदाहरणात बॅकअपला चाळीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो आहे. सर्व्हरची रॅम 4 जीबी. त्यातले साधारण 1.6 जीबी मायएसक्यूएलकडे, 700 एमबी वेबसाइट चालवणाऱ्या प्रोसेसकडे, 400 एमबी स्वतः लिनक्स आणि इतर किरकोळ गोष्टींकडे. उरली ढोबळमानाने 1.3 जीबी. शिवाय डिस्कवर 1 जीबीची स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की मेमरीतला मजकूर तात्पुरता टाकायची जागा. एकूण ऐसपैस 2.3 जीबी. एका `sync.php` ला लागतात 160 एमबी.

साडेपाचला बॅकअपने कुलूप लावले. त्याच क्षणी सुरू झालेले `sync.php` अडकले. पाच-पस्तीस, पाच-चाळीस, पाच-पंचेचाळीस, प्रत्येक वेळी एक नवी प्रोसेस जन्माला आली. तिने आपल्या नोंदी वाचून मेमरीत घेतल्या, तक्त्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. सहा वाजून पाच मिनिटांनी अशा आठ प्रोसेस जमल्या होत्या. आठ गुणिले 160, म्हणजे जवळपास 1.3 जीबी. सहाला सुरू झालेल्या अहवालाने वर्षाच्या नोंदी मेमरीत ओढून आणखी 500 एमबी घेतले. आणि इकडे केंद्रांवरून पावत्यांच्या विनंत्या येत होत्या. त्यांनाही त्याच तक्त्यात लिहायचे होते, त्याही अडकल्या, आणि वेबसाइटने नव्या विनंत्यांसाठी नव्या प्रोसेस उघडल्या. त्यांचे 500 एमबी. बेरीज 2.3 जीबी. जागा संपली.

या हिशेबात एक गोष्ट नीट पाहावी अशी आहे. त्या आठ प्रोसेस काहीच काम करत नव्हत्या. प्रोसेसरवर त्यांचा भार जवळपास शून्य होता. त्या फक्त थांबल्या होत्या. पण थांबलेली प्रोसेस आपली मेमरी सोडत नाही. तिने वाचलेल्या नोंदी, जोडलेली लायब्ररी, डेटाबेसशी उघडलेला दुवा, सगळे हाताशी धरूनच ती थांबते. सर्व्हरवर काम फार झाले म्हणून तो दमला, असे आपण सहज म्हणतो. इथे तो कामाने दमलेला नाही, वाट पाहणाऱ्यांनी भरलेला आहे. आणि ही वाट पाहणे आपणहून संपत नाही. असे कुलूप निघायची किती वेळ वाट पाहायची, याची मायएसक्यूएलमधली मूळ मर्यादा 3,15,36,000 सेकंदांची आहे. म्हणजे पूर्ण एक वर्ष. पीएचपीचा प्रोग्रॅम क्रॉनमधून चालवला की त्याच्यावरही वेळेची मर्यादा मुळात नसते. कंटाळून निघून जाणारे इथे कोणीच नाही.

रॅम भरत आली की लिनक्स आधी स्वॅपकडे वळते. थांबलेल्या प्रोसेसची पाने उचलून डिस्कवर ठेवते. पण त्याच डिस्कवर बॅकअपचे वाचन आणि लिहिणे चालू आहे, त्यामुळे बॅकअप आणखी मंदावतो, कुलूप आणखी वेळ राहते आणि आणखी प्रोसेस जमतात. एकाने दुसऱ्याला ओढायचे हे चक्र एकदा सुरू झाले की शेवटची दहा मिनिटे फार वेगाने जातात.

स्वॅपही भरली की लिनक्सकडे एकच मार्ग उरतो: कोणाला तरी मारून मेमरी मोकळी करायची. हे काम कर्नलमधली जी यंत्रणा करते तिला ओओएम किलर म्हणतात. ती प्रत्येक प्रोसेसला गुण देते, आणि गुणांचा मुख्य आधार असतो त्या प्रोसेसने किती मेमरी धरली आहे हा. सर्वांत जास्त गुण ज्याचे, त्याचा बळी. आपल्या सर्व्हरवर 160 एमबीच्या आठ प्रोसेस आहेत, 500 एमबीचा अहवाल आहे आणि 1.6 जीबीचा मायएसक्यूएल आहे. सहा वाजून आठ मिनिटांनी कर्नलच्या नोंदीत अशी ओळ उमटते:

```
Out of memory: Killed process 1187 (mysqld)
total-vm:2874512kB, anon-rss:1382044kB
```

मेला तो डेटाबेस. गर्दी केली `sync.php` च्या आठ प्रोसेसनी, पण त्या एकेकट्या लहान होत्या म्हणून वाचल्या. ओओएम किलरला कारण शोधायचे नसते, कमीत कमी बळी घेऊन जास्तीत जास्त मेमरी मिळवायची असते, आणि त्या हिशेबाने त्याचा निर्णय बरोबरच आहे. पण ही ओळ वाचून ‘मायएसक्यूएल फार मेमरी खातो’ असा निष्कर्ष काढणारे अनेक लोक मी पाहिले आहेत. मग ते डेटाबेसची मेमरी कमी करतात, त्यामुळे बॅकअप आणि अहवाल आणखी रेंगाळतात आणि दुखणे वाढते. मेलेल्याचे नाव म्हणजे गुन्हेगाराचे नाव नव्हे. त्या क्षणी सर्व्हरवर आणखी कोण कोण होते, हे पाहायला हवे.

डेटाबेस मेल्यावर सगळे झटपट मोकळे होते. डेटाबेसशी असलेले दुवे तुटले म्हणून थांबलेल्या आठही प्रोसेस त्रुटी देऊन बाहेर पडतात. अहवाल बंद पडतो. बॅकअप बंद पडतो. सर्व्हरवरची सिस्टमडी ही यंत्रणा मायएसक्यूएल मेल्याचे पाहून तो पुन्हा सुरू करते. तो आपल्या नोंदी तपासून उठायला थोडी मिनिटे घेतो, आणि सव्वासहापर्यंत पावत्या पुन्हा छापल्या जाऊ लागतात. सर्व्हर स्वतः बंद पडलेलाच नसतो, म्हणून दहा वाजता कोणी पाहिले तर तो कित्येक महिने अखंड चालू असल्याचे दिसते. रॅम मोकळी, भार कमी. पुरावा जागेवर उरत नाही.

मग शोधायचे कसे? पहिली जागा कर्नलची नोंद.

```
journalctl -k | grep -i "out of memory"
```

एकही ओळ आली तर ‘नेटवर्क गेलं होतं’ हा विषय संपला. ओळीतली वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते. यूटीसी असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे: 00:38 म्हणजे आपले सहा वाजून आठ मिनिटे. ही वेळ रोज साधारण तीच येत असेल, तर संशय ठरलेल्या कामांवरच घ्यायचा. ग्राहकांची गर्दी रोज मिनिटावर मोजून येत नाही. त्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे, प्रसंग घडायच्या आधी, जागे राहून एकदा हे पाहायचे:

```
ps -C php -o pid,etime,rss,args

 2071   35:01 163912 php /opt/dairy/sync.php
 2114   30:01 163840 php /opt/dairy/sync.php
 2160   25:01 163876 php /opt/dairy/sync.php
 2203   20:01 163804 php /opt/dairy/sync.php
```

दुसऱ्या रकान्यात प्रोसेस किती मिनिटांपासून चालू आहे ते दिसते आणि तिसऱ्यात तिने धरलेली मेमरी केबीमध्ये. एकाच नावाच्या ओळी, आणि दोन ओळींमध्ये अचूक पाच-पाच मिनिटांचे अंतर. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. ज्यांना पहाटे उठणे शक्य नाही, त्यांनी `sysstat` हे पॅकेज बसवून चालू करावे. ते दर दहा मिनिटांनी मेमरी आणि स्वॅपची नोंद करून ठेवते, आणि सकाळी `sar -r` लिहिले की आदल्या तासांचा चढता आकडा समोर येतो.

क्रॉनने आधीच काही सांगितले नव्हते का? सांगितले होते. एखाद्या कामाने काही मजकूर छापला, म्हणजे त्रुटी दिली, तर क्रॉन तो मजकूर मेल करतो. पण बहुतेक छोट्या सर्व्हरांवर मेल पाठवायची व्यवस्था केलेलीच नसते. मग डेबियन आणि उबुंटूवर नोंदीत एवढीच ओळ येते: `No MTA installed, discarding output`. मेलची सोय नाही, म्हणून मजकूर टाकून दिला. महिनोन्‌महिने त्रुटी येत राहतात आणि टाकून दिल्या जातात. या एका ओळीने जेवढी माहिती गिळली आहे, तेवढी चोरांनीही नेली नसेल.

कारण हाती लागल्यावर पहिला सल्ला येतो तो रॅम वाढवण्याचा. 4 च्या 8 जीबी करा. हे करायला सोपे आहे, क्लाउडवर तर पाच मिनिटांचे काम, आणि दुसऱ्या दिवसापासून त्रासही थांबतो. पण 4 जीबी वाढवले म्हणजे प्रत्यक्षात काय केले? वाट पाहणाऱ्या आणखी पंचवीस प्रोसेस उभ्या राहतील एवढी जागा केली. बॅकअप वाढतोच आहे, कुलूप लागतेच आहे, आणि पहाटे अर्धा-पाऊण तास पावत्या थांबतातच, फक्त डेटाबेस मरत नाही. उद्या बॅकअपला दोन तास लागू लागले की तेही होईल. रॅम खरोखरच कमी असलेले सर्व्हर असतात, पण तिथे त्रास दिवसभर दिसतो. रोज ठरलेल्या मिनिटाला येणाऱ्या त्रासावर रॅम हा उपाय नाही, असे माझे ठाम मत आहे.

खरा उपाय तीन ठिकाणी आहे. त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे कुलूपच काढून टाकणे. `mysqldump` ला `--single-transaction` ही सूचना दिली की तो तक्त्यांना कुलूप न लावता, बॅकअप सुरू झाला त्या क्षणीचे चित्र धरून ठेवतो आणि तेच उतरवतो. इतरांचे लिहिणे सुरू राहते. आज मायएसक्यूएलमध्ये तक्ते बहुधा इनोडीबी या प्रकारचे असतात, त्यांना हे लागू पडते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम प्रकारचे तक्ते उरलेले असतील तर त्यांचे चित्र असे धरता येत नाही, म्हणून आधी तक्त्यांचा प्रकार तपासून घ्यावा. आणि बॅकअप चालू असताना तक्त्याची रचना बदलू नये. एवढे पथ्य पाळले की आपल्या उदाहरणातला तंटा मुळातच मिटतो.

दुसरी गोष्ट, एकाच कामाची दुसरी प्रत सुरूच होऊ द्यायची नाही. लिनक्सवर त्यासाठी `flock` ही छोटी आज्ञा बहुधा आधीपासूनच असते:

```
*/5 * * * * flock -n /run/lock/dairy-sync.lock timeout 4m php /opt/dairy/sync.php
```

`flock` त्या फाइलवर ताबा घ्यायचा प्रयत्न करतो. ताबा मिळाला तर काम सुरू. आधीची प्रत चालू असेल तर ताबा मिळत नाही आणि `-n` मुळे तो वाट न पाहता मुकाट निघून जातो. पूर्वी लोक यासाठी ‘मी चालू आहे’ अशी खूण म्हणून एक फाइल तयार करायचे आणि शेवटी पुसायचे. मध्येच प्रोसेस मेली की फाइल तशीच राहायची आणि पुढची सगळी कामे त्या मृताला मान देऊन थांबायची. `flock` मध्ये तसे होत नाही. ताबा फाइलच्या असण्यावर नसतो, तो कर्नलकडे असतो, आणि प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल तो सोडवतो.

मात्र प्रोसेस मेलीच नाही, नुसती अडकून बसली, तर? मग ती ताबा धरून बसेल आणि पुढचे प्रत्येक `sync.php` मुकाट परत जाईल. मेमरी शाबूत, सर्व्हर शांत, आणि नोंदी दिवसभर तक्त्यात पोचतच नाहीत. म्हणूनच त्या ओळीत `timeout 4m` आहे: चार मिनिटांत संपले नाही तर काम थांबवा. `flock` लिहून `timeout` विसरणे म्हणजे दिसणारा बिघाड काढून न दिसणारा आणणे.

इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही एक गोष्ट पाहावी लागते. `sync.php` जर ‘गेल्या पाच मिनिटांतल्या नोंदी घे’ अशा पद्धतीने लिहिले असेल, तर चुकलेल्या फेरीतल्या नोंदी कायमच्या राहून जातील, आणि दहा दिवसांच्या बिलात एखाद्याचे दूध कमी लागेल. ते ‘अजून न घेतलेल्या सगळ्या नोंदी घे’ असेच लिहिलेले असायला हवे. मग एक फेरी चुकली काय किंवा चार चुकल्या काय, पुढची फेरी सगळे भरून काढते. `flock` लावण्याआधी हे तपासणे भाग आहे. आणि दोन सर्व्हरांवर एकच यादी चालत असेल तर `flock` उपयोगाचा नाही, कारण त्याचा ताबा त्या एका यंत्रापुरता असतो.

तिसरी गोष्ट वेळांची. बॅकअप आपल्याकडच्या पावणेतीनला हवा असेल तर सर्व्हरच्या यादीत आदल्या दिवसाचे 21:15 लिहावे लागतील. पण मी 21:15 ऐवजी 21:17 लिहीन. शून्य, पाच, पंधरा, तीस या मिनिटांवर सगळ्या जगाची कामे लावलेली असतात, आणि दर पाच मिनिटांचे काम या प्रत्येक मिनिटावर हजर असतेच. डेबियन बनवणाऱ्यांनी रोजच्या कामांची मूळ वेळ 6:25 ठेवली, रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ती 4:02 होती. जेनकिन्स या सॉफ्टवेअरमध्ये तर मिनिटाच्या जागी `H` लिहिले की ते प्रत्येक कामाला स्वतःच वेगवेगळे मिनिट वाटून देते. अर्थात, वेळ पांगवणे हे दुय्यम औषध आहे. आज पंधरा मिनिटे लागणारे काम पुढच्या वर्षी तास घेईल आणि पांगवलेली कामे पुन्हा एकमेकांना येऊन भिडतील. ताबा आणि मर्यादा आधी, वेळ नंतर.

आता या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि तिचा संबंध मेमरीशी नाही. डेटाबेस मेला तेव्हा बॅकअप अर्धवट तुटला. पण बॅकअपची स्क्रिप्ट सहसा `mysqldump` चा मजकूर थेट `gzip` कडे देते, आणि अशा जोडीत यश-अपयश मोजले जाते ते शेवटच्या आज्ञेचे. `gzip` ला जेवढे मिळाले तेवढे त्याने नीट दाबून ठेवले, म्हणून त्याच्या मते काम फत्ते. स्क्रिप्टमध्ये `set -o pipefail` लिहिलेले नसेल तर तुटलेल्या बॅकअपची वाच्यता कुठेच होत नाही. फाइल तयार असते, तारीख आजची असते, उघडताना त्रुटी येत नाही. आत फक्त निम्मे तक्ते असतात. पहाटे सर्व्हर कोसळत होता त्या प्रत्येक दिवशी असाच बॅकअप साठत गेलेला असतो.

म्हणून ज्यांच्या संस्थेचे हिशेब अशा एका सर्व्हरवर आहेत, त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला आजच एक आज्ञा चालवून दाखवायला सांगावी. फाइलचे नाव आपल्याकडे असेल ते घालायचे:

```
zcat /backup/dairy.sql.gz | tail -n 1
```

बॅकअप पूर्ण असेल तर शेवटची ओळ `-- Dump completed on` या शब्दांनी सुरू होते आणि पुढे तारीख-वेळ असते. ती ओळ दिसली नाही, तर काल रात्रीचा बॅकअप आपल्याकडे नाही, असे समजा आणि आधीच्या दिवसांच्या फाइलीही एकेक करून तपासून घ्या.